चोवीस कॉटचं वसतिगृह: पहिल्या वर्षाच्या नोंदी

तयारी, दिवस १

इमारतीची किल्ली हातात आली. दहा खोल्या आहेत. चार खोल्यांत तीन-तीन कॉट बसतात, सहा खोल्यांत दोन-दोन, म्हणजे एकूण चोवीस. भाडेकरार बारा महिन्यांचा आहे. खोल्या लावून होईपर्यंतचं भाडं मालकांनी सोडलंय.

पैशांचे आकडे इथे थेट लिहीत नाही, कारण जागा बदलली की ते निरुपयोगी होतात. त्याऐवजी एका कॉटमागे एका मुलाने महिन्याला द्यायची रक्कम, राहणं आणि मेस धरून, १०० मानते. पुढचे सगळे आकडे याच मापात आहेत. कुणाला आपला हिशेब करायचा असेल तर आपल्या दराने गुणावं.

कॉट, गाद्या, कपाटं, टेबलं, स्वयंपाकघरातली भांडी, पाण्याची टाकी या सगळ्याचा अंदाज ३६०० निघाला. माझ्याकडे २००० आहेत. बाकीचे १६०० फर्निचरवाला तीन महिन्यांनी घ्यायला तयार आहे.

तयारी, दिवस १२

धाकटा भाऊ हिशेब बघणार आहे. आज दोघांनी बसून पहिला आराखडा केला.

दरमहा ठरलेला खर्च: इमारतीचं भाडं ६५०, स्वयंपाकाच्या मावशी, त्यांची मदतनीस आणि झाडलोट मिळून २६०, वीज-पाणी-नेटचा कमीत कमी आकार ९०, दुरुस्तीसाठी ८०. बेरीज १०८०. एकही मूल नसलं तरी हे जाणारच. त्यावर प्रत्येक मुलामागे शिधा आणि गॅसचे ३० आणि वाढीव वीज-पाण्याचे ५ असे ३५. म्हणजे एका भरलेल्या कॉटमागे महिन्याला ६५ हाताशी राहतात.

१०८० ला ६५ ने भागलं तर साडेसोळा येतात. सतरा कॉट भरल्या की महिना तरतो. वर्षभर नव्वद टक्के भरलेलं राहील असं धरलं. बारा महिन्यांत २५९.२ कॉट-महिने, आणि वर्षाअखेर ३८८८ शिल्लक. मांडामांडीचा खर्च पहिल्याच वर्षी फिटतो! भावाने कागदावर दोनदा रेघ ओढली.

(तो कागद अजून जपून ठेवलाय. चूक बेरजेत नव्हती, ‘नव्वद टक्के’ या एका शब्दात होती.)

महिना १, तारीख ३०

चोवीसपैकी नऊ कॉट भरल्या.

मी समजत होते की सत्र सुरू झालं की मुलं एकदम येतील. प्रवेश टप्प्याटप्प्याने होतात. पहिल्या फेरीत आलेली मुलं लगेच जागा शोधतात, पण दुसऱ्या-तिसऱ्या फेरीची मुलं दीड-दोन महिन्यांनी उगवतात. मधल्या काळात मावशी चोवीस जणांच्या भांड्यात नऊ जणांचा स्वयंपाक करत होत्या. महिन्याचा तोटा ४९५.

एक गोष्ट लक्षात आली. आधी दोन कॉटच्या खोल्या भरतात. तीनच्या खोलीत तिसरी कॉट घ्यायला कुणी तयार होत नाही, आणि तीच दाखवायला आपल्याकडे उरते.

महिना ३, तारीख ८

बावीस भरल्या! प्रत्येकाची अनामत दोन महिन्यांच्या रकमेएवढी, म्हणजे २००. बँकेत ४४०० अनामत जमा आहे.

फर्निचरवाल्याची मुदत संपली होती. त्याला त्यातूनच १६०० दिले. भाऊ म्हणाला, “ताई, हे पैसे आपले नाहीत.” मी म्हटलं, वर्ष संपेपर्यंत भरून काढू, तोवर नुसते पडून काय करणार? तेव्हा हे मला अगदी बरोबर वाटलं होतं.

महिना ३, तारीख २१

मेसमध्ये उरलेलं अन्न टाकायला मदतनीस रोज दोन बादल्या बाहेर नेते. शिध्याचा हिशेब काढला तर माणशी ३० ऐवजी ३४ लागतोय.

आठवडाभर प्रत्येक जेवणाला ताटं मोजली. एरवी बावीसपैकी एकोणीस-वीस जण जेवतात. सुट्टीच्या आदल्या रात्री बारा-तेराच. मावशी मात्र रोज बावीस जणांचंच करतात, कारण त्यांना कुणी वेगळं सांगतच नाही. त्यांचं म्हणणं रास्त होतं: “कमी पडलं तर बोलणी मला बसतात, उरलं तर कुणाला नाही.”

आजपासून दाराजवळ फळा लावलाय. त्यावर सगळ्यांची नावं आणि पुढच्या दिवसाची दोन जेवणं. जेवणार नसेल त्याने आदल्या रात्री नऊपर्यंत नावासमोर फुली मारायची. फुलीचे पैसे परत मिळत नाहीत. फुली न मारता कुणी जेवायला आलं नाही तर त्याबद्दलही काही नाही, फक्त मदतनीस त्या नावाभोवती गोल करते. या गोलानेच बरंच काम झालं. दुसऱ्या आठवड्यात बादली एकावर आली.

जेवणांच्या संख्येवर दोन ताटं जास्त धरून करायचं, असं मावशींशी ठरलं. एक धरून बघितलं होतं, तीन दिवसांत दोनदा कमी पडलं.

महिना ६, तारीख २८

मधल्या सुट्टीत चौदा मुलं बारा-बारा दिवस घरी गेली. मी सुरुवातीला सगळ्यांना शब्द दिला होता: जेवलात नाही तर मेसचे पैसे नाही. शंभरातला मेसचा भाग म्हणून ४५ सांगितले होते. त्या हिशेबाने बारा दिवसांचे प्रत्येकी १८, चौदा जणांचे २५२ परत केले.

वाचलं किती? फक्त शिधा. मावशींचा पगार चालूच होता आणि चालूच असायला हवा. प्रत्येकी १२, म्हणजे चौदा जणांचे १६८. खिशातून गेले ८४.

चूक अशी, की मेसचा खर्च म्हणजे नुसता शिधा नाही, हे मी धरलंच नव्हतं आणि मुलांना तर सगळे ४५ ताटातले वाटत होते. त्यातले १५ स्वयंपाकघर चालू ठेवायचे आहेत, तुम्ही जेवा अगर न जेवा. नवीन नियम: सलग पाच दिवस किंवा जास्त बाहेर असाल आणि दोन दिवस आधी सांगितलंत, तर दिवसाला १ परत. एखाददुसऱ्या जेवणाचं काही नाही. पावतीवरही आता राहणं ५५, स्वयंपाकघर १५, शिधा ३० असं वेगळं लिहितो. कुरकुर झाली, पण पावती दाखवल्यावर वाद घालायला फारसं कुणी थांबलं नाही.

महिना ७, तारीख ५

दोन मुलं मागच्या महिन्यात न सांगता गेली, एक या महिन्यात. सत्र अर्ध्यावर असताना नवीन मूल शोधत येत नाही. मी तिघांची अनामत पूर्ण परत केली, कारण आगाऊ सूचनेबद्दल कागदावर एक अक्षर नव्हतं. आता आहे: तीस दिवस आधी लेखी सांगायचं, नाहीतर एका महिन्याचा राहण्याचा भाग, म्हणजे ५५, कापला जाईल. त्याआधी कॉट भरली तर तेही कापणार नाही.

तिघांपैकी दोघं तीन कॉटच्या खोल्यांतले. रिकाम्या कॉटवर उरलेल्या दोघांच्या बॅगा, वाळत घातलेले कपडे आणि एक सायकलचं चाक. एक पालक खोली बघायला आले, त्या कॉटकडे बघून तसेच परत गेले. आता जागा रिकामी झाली त्याच दिवशी आम्ही गादी उचलून उभी करतो, कपाटाला कुलूप लावतो आणि खोलीतल्यांना सांगतो की ही कॉट विकायची आहे, वापरायची नाही. त्यांना हे आवडत नाही. पण पुढच्या महिन्यात दोन कॉट भरल्या.

महिना ७, तारीख १९

ढेकूण.

चार नंबरच्या खोलीतल्या मुलाच्या दंडावर ओळीने पुरळ उठलं होतं. गादीच्या शिवणीत काळे ठिपके दिसले. मी घाईने ती गादी काढून रिकाम्या सात नंबरमध्ये नेऊन ठेवली आणि त्याला दुसरी दिली. याहून मोठा मूर्खपणा शोधून सापडणार नाही. दहा दिवसांत सात नंबरमध्येही तेच.

फवारणीवाल्याने चार, सात आणि त्यांच्या शेजारच्या खोल्या मिळून पाच खोल्या धरल्या. एका फवारणीत अंडी मरत नाहीत, म्हणून दोन आठवड्यांनी पुन्हा करावी लागली. पहिल्या फवारणीनंतर काही दिसत नव्हतं, तेव्हा दुसरी टाळायचा मोह झाला होता. बरं झालं टाळली नाही: दुसऱ्या खेपेला कॉटच्या सांध्यात पिल्लं निघाली. कपडे आणि पांघरुणं गरम पाण्यात धुतली. दोन गाद्या टाकून दिल्या.

तेव्हापासून खोली रिकामी झाली की गादीची शिवण, कॉटचे सांधे आणि डोक्याकडची भिंत टॉर्च लावून बघतो. नवीन मुलाच्या बॅगाही कॉटवर ठेवू देत नाही. पाच मिनिटांचं काम आहे.

महिना ९, तारीख १५

पुन्हा बावीस. सगळं सुरळीत चाललंय. मी दरमहा १५० घरखर्चाला उचलते आहे. ते मला माझा पगार वाटत होते.

महिना १०, तारीख ३०

परीक्षा संपत आल्या. एकोणीस मुलं आहेत, त्यातली तेरा येत्या आठवड्यात जाणार. खोल्यांची पाहणी सुरू केली आणि अनामतीवरून रोज भांडण.

“ही भेग आधीपासून होती.” असेलही. येताना मी काहीच लिहून घेतलं नव्हतं. कपाटाची तुटलेली बिजागरी, भिंतीवर चिकटपट्टीने उखडलेला रंग, हरवलेल्या किल्ल्या असे सगळे मिळून मी २९० कापायला निघाले होते. जे सिद्ध करता येईना ते सोडून दिलं, उरले १६०.

महिना ११, तारीख ४

हा दिवस नीट लिहून ठेवते, कारण वर्षभराच्या चुका आज एकत्र आल्या.

कालपर्यंत बँकेत होते २६२१. त्याचा माग असा लागतो. एकोणीस जणांची अनामत ३८०० असायला हवी होती. त्यातून फर्निचरवाल्याला १६०० गेले. दहा महिन्यांत धंद्यातून २००५ सुटले, सुट्टीच्या परताव्यात ८४ गेले आणि मी १५०० उचलले, म्हणजे त्यातले उरले ४२१.

आता तेरा जणांना २६०० वजा १६०, म्हणजे २४४० परत द्यायचे. या महिन्यात सहाच मुलं आहेत. त्यांच्याकडून ६०० येतील, खर्च होईल १२९०. तोटा ६९०. माझी १५० ची उचल धरली तर महिन्याअखेर खात्यात ६५९ कमी पडतात. राहिलेल्या सहा जणांची १२०० अनामत तर या हिशेबात कुठेच नाही. ती कागदावर आहे, बँकेत नाही.

मी अनामतीकडे पडून राहिलेले पैसे म्हणून बघत होते. पण मुलं ज्या महिन्यात जातात त्याच महिन्यात ती परत द्यावी लागते, आणि मुलं गेली म्हणजे उत्पन्नही त्याच महिन्यात तुटतं. दोन्ही फटके एकाच आठवड्यात बसतात. वर्षभर थोडी-थोडी मुलं गेली असती तर एकाची अनामत परत देताना दुसऱ्याची आली असती आणि मला कळलंही नसतं. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात ते तसं होत नाही, सगळी एकदम जातात.

भावाकडून उसने घेतले. तो काही बोलला नाही, त्यामुळे जास्त लागलं. नऊ जणांना त्याच आठवड्यात पैसे दिले, चौघांना तीन आठवडे थांबवलं. त्यातल्या एकाचे वडील रोज फोन करत होते, आणि त्यांचा राग बरोबर होता.

महिना ११, तारीख १७

रिकाम्या महिन्यांत मेस चालवायची की नाही? सहा जणांसाठी मावशींचा पूर्ण पगार जातोय. पण मेस बंद केली तर राहिलेले सहाही जातील, आणि मावशी दुसरीकडे गेल्या तर सत्राच्या तोंडावर नवीन माणूस शोधावा लागेल. मावशींशीच बोलले. त्यांना गावी जायचं होतं, पण विचारायला संकोचत होत्या. बाराव्या महिन्यातले पंधरा दिवस त्या पगारी रजेवर जातील, मदतनीस चौघांपुरतं करेल. पैसे वाचले नाहीत, माणूस टिकला.

महिना १२, तारीख ९

दुरुस्ती. दोन न्हाणीघरांतून खालच्या भिंतीत ओल उतरते. फरशा काढून, पाणी न झिरपणारा थर देऊन, न्हाणीघरात पाणी साठवून दोन दिवस बघायचं आणि मग फरशा बसवायच्या, असं काम आहे. मुलं राहत असताना करता येत नाही. मी ते महिनाअखेरीला ठेवलं होतं. मिस्त्री म्हणाला, वरच्या मजल्याला सुकायला आठवडा सोडा. मग रंग. रंग कधी सुकणार, आणि मुलं कधी येणार?

रंग या वर्षी फक्त चार खोल्यांना. पुढच्या वर्षी मिस्त्री अकराव्या महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येईल, त्याला आजच सांगून ठेवलंय. ओलीचं काम आधी, वायरिंग मग, रंग शेवटी.

महिना १२, तारीख २६

वर्षाचा भरलेला तक्ता, कॉटप्रमाणे: ९, १७, २२, २२, २३, २१, २०, २२, २२, १९, ६, ४. बेरीज २०७ कॉट-महिने, २८८ पैकी. म्हणजे बहात्तर टक्के.

शिधा सगळं वर्ष धरून सरासरी ३० च पडला, फळ्यामुळे. २०७ ला ६५ ने गुणून १३४५५. ठरलेला खर्च बारा महिन्यांचा १२९६०. त्या परताव्याचे ८४ गेले की उरतात ४११. मांडामांडीचे ३६०० या गतीने फिटायला जवळपास नऊ वर्षं लागतील. गाद्या त्याच्या निम्मंही टिकणार नाहीत.

आणि माझी उचल? शेवटच्या दोन महिन्यांचा तोटा ६९० आणि ८२०, मिळून १५१०. तो भरायचा तर तिसऱ्या ते नवव्या महिन्यापर्यंत दरमहा २१६ बाजूला ठेवायला हवे होते. सातव्या महिन्यात सुटलेच २२०. म्हणजे मी पगार म्हणून जे घेतलं ते सुट्टीच्या महिन्यांचं इमारतभाडं होतं.

भावाने नवीन कागद काढला. टक्के नाहीत, बारा चौकोन आहेत. प्रत्येक चौकोनात त्या महिन्यात खरंच किती कॉट भरतील तो आकडा. पुढच्या वर्षी असं धरलंय: १४, १९, २२, २२, २३, २२, २२, २२, २२, १९, ७, ५. बेरीज २१९. नव्वद टक्क्यांच्या आसपासही नाही, पण दर कॉट-महिन्याला ६५ धरले तर १४२३५.

बाकी फरक मालकांनी केला. शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं ६५० ऐवजी ४०० घ्यायला ते तयार झाले, त्या बदल्यात करार तीन वर्षांचा. वर्षाला ५०० वाचतात. मी तो तक्ता दाखवला तेव्हा त्यांनी आधी विचारलं, “हे आधी का नाही सांगितलंत?” मला आधी माहीतच नव्हतं.

दुसरी गोष्ट, कॉट राखण्याचं शुल्क. पुढच्या वर्षी राहणाऱ्या मुलाने दोन रिकाम्या महिन्यांचे प्रत्येकी २५ द्यायचे, सामान कुलूपबंद कपाटात ठेवून जायचं, तीच खोली परत मिळणार. विचारायचं आठव्या महिन्यात. या वर्षी मी अकराव्यात विचारलं, तेव्हा बहुतेक जण सामान बांधून गेले होते. दोघं तयार झाले. हे पैसे तक्त्यात धरलेले नाहीत. आले तर दुरुस्तीला.

महिना १२, तारीख २९

अनामतीसाठी वेगळं खातं उघडलं. त्यातून पैसे काढायला माझी आणि भावाची दोघांची सही लागते. आहेत त्या चार मुलांचे ८०० आज त्यात भरले, तेही भावाच्या उसन्यातूनच.

येणाऱ्या मुलासाठी एका पानाचा फॉर्म केलाय: कॉट, गादी, कपाट, दोन किल्ल्या, भिंत, खिडकीची काच, पंखा. मुलगा स्वतः भरतो, खोलीचे चार फोटो काढून आम्हाला पाठवतो. फॉर्मच्या तळाशी लिहिलंय, अनामत जागा सोडल्यापासून सात दिवसांत.

नवीन वर्षाचा पहिला मुलगा परवा येतोय. सात नंबर मागितली आहे त्याने. टॉर्च घेऊन आज पुन्हा एकदा बघून आले.